दोन्हीकडे टॅक्स कापला, मग हे ५६ हजार कुठून आले?

जुलै महिन्यात माझा फोन नातेवाइकांच्या आयकराचा असतो. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलं की हे ओघानं येतंच. यंदाचा पहिला फोन भाच्याचा होता. गेल्या ऑगस्टात त्यानं नोकरी बदलली. पगार वाढला, पेढे वाटले, सगळं झालं. आता रिटर्न भरायला बसला आणि पोर्टलनं शेवटी जो आकडा दाखवला तो बघून त्यानं लॅपटॉप मिटला आणि मला फोन लावला.

"मामा, दोन्ही कंपन्यांनी दर महिन्याला टॅक्स कापलाय. एक महिनासुद्धा चुकला नाही. सगळ्या स्लिपा आहेत माझ्याकडे. आणि हे म्हणतायत अजून एकसष्ट हजार भरा! साइट गंडलीय का?"

साइट गंडलेली नव्हती. कुणी चोरीही केली नव्हती. दोन्ही कंपन्यांचा हिशेब आपापल्या जागी अगदी बरोबर होता, आणि तरीही दोन्ही मिळून चूक होती. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्या बहुतेकांना हे कोडं कधी ना कधी पडतं, म्हणून त्याचेच आकडे घेऊन सांगतो. तो नाव छापू नको म्हणाला, आकड्यांना त्याची हरकत नाही.

कंपनी टॅक्स कापते तो कशाच्या आधारावर?

पगारातून दरमहा जो कर कापला जातो त्याला टीडीएस म्हणतात, म्हणजे उत्पन्न हातात पडण्याआधीच मुळाशी कापलेला कर. पगाराच्या बाबतीत तो कुठल्याही ठरावीक टक्क्यानं कापत नाहीत. बँक व्याजावर सरसकट दहा टक्के कापते, तसं इथे नसतं. कंपनीला आधी अंदाज बांधावा लागतो की या माणसाचा वर्षभराचा पगार किती होईल, त्यावर वर्षाचा कर किती येईल, आणि मग तो कर महिन्यांवर वाटायचा.

म्हणजे तुमच्या स्लिपवरचा टीडीएस हा त्या महिन्याच्या पगारावरचा कर नसतोच. तो अख्ख्या वर्षाच्या अंदाजी कराचा हप्ता असतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे, कारण वर्षाचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला वर्ष अर्धंच दिसत असेल तर काय होणार, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

एका घरात दोन मीटर

आपल्या विजेच्या बिलाची मागची बाजू बघा. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० युनिटला त्याहून चढा, पुढे आणखी चढा. आता समजा एकाच घरात दोन मीटर आहेत आणि वापर दोघांत विभागला गेलाय. दोन्ही मीटरचं युनिट पुन्हा एकपासून मोजलं जातं. स्वस्त दराची पहिली १०० युनिटं दोनदा मिळतात, आणि चढ्या दरापर्यंत एकही मीटर फारसा पोचत नाही. एकूण वीज तेवढीच जळते, पण बिल कमी येतं. (जुन्या वाड्यांमधून ही युक्ती लोकांनी मुद्दाम केलेली मी पाहिली आहे.)

आयकराचे दर असेच पायरीपायरीनं चढतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २० टक्के, आणि त्यावर आणखी दोन पायऱ्या. शिवाय पगारदाराला सरसकट ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. म्हणजे तेवढा पगार कराच्या हिशेबातून आधीच बाजूला काढायचा, त्यासाठी पावत्या-बिवत्या लागत नाहीत.

दोन कंपन्या म्हणजे दोन मीटर. दोघीही आपापल्या पगाराला शून्यापासून मोजतात, दोघीही पहिले चार लाख माफ करतात, दोघीही ७५,००० वजा करतात. फरक एवढाच की विजेचे दोन मीटर वर्षानुवर्षं वेगळे राहू शकतात. आयकरात ३१ मार्चनंतर पॅन क्रमांकावर दोन्ही रीडिंग एकत्र येतात आणि बेरजेवर बिल निघतं.

भाच्याचा हिशेब

पहिल्या कंपनीत त्याचा पगार महिना १,३०,००० होता. एप्रिलमध्ये तिथल्या पेरोलवाल्यांनी धरलं की हा वर्षभर इथेच राहणार, म्हणजे वर्षाचे १५,६०,०००. त्यातून ७५,००० गेले, उरले १४,८५,०००. पायऱ्यांनी मोजत गेलं तर चार ते आठ लाखांच्या पायरीवर २०,०००, आठ ते बाराच्या पायरीवर ४०,०००, आणि वरच्या २,८५,००० वर १५ टक्क्यांनी ४२,७५०. एकूण १,०२,७५०. त्यावर ४ टक्के सेस धरून १,०६,८६०. बारानं भागलं की महिना ८,९०५ रुपये. एप्रिल ते जुलै चार महिने तेवढे कापले, एकूण ३५,६२०.

ऑगस्टपासून दुसरी कंपनी, पगार महिना १,७०,०००. इथल्या पेरोलला दिसतात ते ऑगस्ट ते मार्चचे आठ महिने, म्हणजे १३,६०,०००. त्यांनीही ७५,००० वजा केले, उरले १२,८५,०००. पुन्हा तळापासून पायऱ्या: २०,०००, ४०,०००, आणि वरच्या ८५,००० वर १२,७५०. सेससकट ७५,६६०. आठ महिन्यांत वाटून महिना साधारण ९,४५७.

आता गंमत बघा. पगार महिना चाळीस हजारांनी वाढला आणि टीडीएस वाढला जेमतेम साडेपाचशे रुपयांनी. खरं तर इथेच शंका यायला हवी होती. पण हातात जास्त पैसे आल्यावर शंका कुणाला येते?

एकूण कापलेला कर झाला १,११,२८०. आता दोन्ही मीटरची बेरीज करू. वर्षाचा खरा पगार ५,२०,००० अधिक १३,६०,०००, म्हणजे १८,८०,०००. वजावट एकदाच, उरले १८,०५,०००. सोळा लाखांपर्यंतच्या पायऱ्यांचा कर १,२०,०००, वरच्या २,०५,००० वर २० टक्क्यांनी ४१,०००. सेस धरून १,६७,४४०.

१,६७,४४० मधून १,११,२८० गेले, उरले ५६,१६०. भाच्याचे छप्पन्न हजार हे. वीस टक्क्यांच्या पायरीवर त्याचे दोन लाखांहून जास्त रुपये होते, पण दोनपैकी एकाही कंपनीच्या हिशेबात तो त्या पायरीवर कधी चढलाच नव्हता.

"म्हणजे माझ्यावर दोनदा टॅक्स लागला?"

हा प्रश्न त्यानं विचारलाच, आणि जवळजवळ सगळेच विचारतात. नाही. तो त्याच पगारावरचा एकच कर आहे, दोनदा मिळाली ती सवलत. १८,८०,००० पगार एकाच कंपनीत मिळाला असता तरी कर १,६७,४४० च होता, फक्त दरमहा कापला गेल्यामुळे तो जाणवला नसता. छप्पन्न हजार त्याच्या बँकेत आठ महिने महिना ७,०२० च्या हिशेबानं येत होते. त्याला वाटलं ती पगारवाढ आहे.

दोन्हीकडे शून्य, तरीही ८८ हजार

भाच्याचं नशीब म्हणायचं की निदान काही कर तरी कापला गेला. याहून मोठा धक्का बसतो तो थोडा कमी पगार असलेल्यांना. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कराची पूर्ण सूट मिळते. या सुटीला रिबेट म्हणतात: कर मोजायचा, आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर तो सोडून द्यायचा. वजावट धरून पगारदाराला १२,७५,००० पर्यंत काही भरावं लागत नाही.

आता अशी कल्पना करा की एखादीचा पगार सप्टेंबरपर्यंत महिना एक लाख आहे, आणि ऑक्टोबरपासून नव्या नोकरीत १,४०,०००. पहिली कंपनी धरते वर्षाचे १२ लाख, कर शून्य. दुसरीला दिसतात सहा महिन्यांचे ८,४०,०००, कर शून्य. वर्षभर एक रुपया कापला जात नाही. पण बेरीज होते १४,४०,०००, वजावटीनंतर १३,६५,०००, आणि इथे रिबेट लागूच होत नाही. कर येतो सेससकट ८८,१४०, आणि तो सगळा एकरकमी. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य तिनं दोन्ही एचआरकडून ऐकलेलं असतं, आणि दोघांनीही आपापल्या पुरतं खरंच सांगितलेलं असतं.

मग चूक कुणाची?

जुन्या कंपनीची नाही, कारण तिला तुम्ही पुढे कुठे, किती पगारावर जाणार हे माहीत असण्याचं कारण नाही. नव्या कंपनीची? तिला आधीचा पगार माहीत असतो, वाटाघाटीच्या वेळी तीन महिन्यांच्या स्लिपा मागितलेल्या असतात. पण त्या स्लिपा भरतीच्या फायलीत जातात, पेरोलच्या हिशेबात जात नाहीत. आणि कायद्यानं आधीच्या नोकरीचा तपशील कळवणं हे कर्मचाऱ्यावर सोपवलेलं आहे. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९२(२) मध्ये ही सोय आहे: तुम्ही आधीच्या नोकरीतलं उत्पन्न आणि तिथे कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवलात, की दोन्हींची बेरीज करून कर कापणं तिच्यावर बंधनकारक होतं. नाही कळवलंत तर ती आपल्यापुरतंच बघते, आणि त्यात ती काही गैर करत नाही.

हे कळवायचा कागद म्हणजे फॉर्म १२बी. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झालाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत. त्यामुळे यंदा नोकरी बदलणाऱ्यांनी "आधीच्या नोकरीच्या पगाराचा फॉर्म" असं म्हणूनच एचआरकडे मागावा. हिशेबाची रीत तीच आहे.

भाच्याला मी विचारलं, जॉइन होताना असं काही भरायला दिलं होतं का? तो म्हणाला, "चाळीसेक फॉर्म होते मामा. एकावर लिहिलं होतं 'लागू असल्यास'. मी सोडून दिला." ते दोन शब्द छापणाऱ्याला मी कधी भेटलो तर चार गोष्टी ऐकवणार आहे.

फॉर्ममध्ये काय भरायचं, आणि कुठे घसरतात

फॉर्म छोटा आहे. जुन्या कंपनीचं नाव, पत्ता, पॅन आणि टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळालेला क्रमांक. तिथे कधीपासून कधीपर्यंत होता, त्या काळात मिळालेला पगार, पीएफ, आणि कापलेला टीडीएस. खाली सही.

लोक इथे अडतात ते एका गैरसमजामुळे: जुन्या कंपनीचा फॉर्म १६ आल्याशिवाय हे भरता येणार नाही असं त्यांना वाटतं. फॉर्म १६ म्हणजे कंपनीनं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, आणि तो येतो वर्ष संपल्यावर, जूनच्या मध्यापर्यंत. तोवर थांबलात तर गाडी कधीच निघून गेलेली असते. फॉर्म १२बी साठी शेवटच्या महिन्याची स्लिप पुरते, कारण बहुतेक स्लिपांवर एप्रिलपासूनची बेरीज असते. पूर्ण हिशेबाचा कागद, ज्याला सगळे 'फुल अँड फायनल' म्हणतात, तो हातात आला असेल तर उत्तमच.

पगाराच्या रकान्यात सीटीसी लिहायचा नाही. सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद असं बरंच काही असतं, जे तुमच्या हातात आलेलंच नाही. लिहायचा तो एप्रिलपासून सोडेपर्यंतचा प्रत्यक्ष करपात्र ग्रॉस पगार. आणि त्यातून स्वतःच ७५,००० वजा करून लिहायचं नाही. मी अशी एक केस पाहिली आहे: बाईंनी फॉर्म वेळेत भरला, पण जुन्या कंपनीच्या संगणन पत्रकातला "निव्वळ करपात्र" आकडा उचलून लिहिला. त्यात वजावट आधीच गेलेली होती. नव्या कंपनीनं आपली वेगळी दिली. फॉर्म भरूनही वजावट दोनदाच झाली.

भाच्यानं ऑगस्टमध्ये फॉर्म दिला असता तर नव्या कंपनीनं १,६७,४४० मधून आधी कापलेले ३५,६२० वजा करून उरलेले १,३१,८२० आठ महिन्यांत कापले असते, महिना सुमारे १६,४७७. हातात येणारा पगार महिना सात हजारांनी कमी दिसला असता, आणि जुलैत त्यानं मला फोन केला नसता.

फॉर्म दिल्यावर काम झालं की नाही हे कळायला नव्या कंपनीच्या पोर्टलवर कराचं संगणन पत्रक काढून बघावं. त्यात "प्रीव्हियस एम्प्लॉयर इन्कम" किंवा तशाच अर्थाची ओळ असते. तिथे आकडा शून्य असेल तर तुमचा फॉर्म कुठल्या तरी मेलबॉक्समध्ये झोपलेला आहे. पुढे जाऊन टीडीएसची ओळही बघा. आधीचा पगार चढवला आणि आधी कापलेला कर चढवायचा राहिला, असंही होतं. मग ते उलट जास्त कापतात.

जुन्या कंपनीचा शेवटचा महिना

इथे एक आडवळण घेतो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. माणूस राजीनामा देतो तेव्हा जुन्या कंपनीचा वर्षाचा अंदाज मोडतो. आता तिच्यापुरतं त्याचं वर्षाचं उत्पन्न पंधरा लाख नसून चार महिन्यांचे ५,२०,००० असतं, आणि त्यावर रिबेटनंतर कर शून्य. त्यामुळे काही ठिकाणी शेवटच्या महिन्यात टीडीएस कापतच नाहीत, आणि शेवटच्या हिशेबात "कर: शून्य" असा शिक्का बसतो. नियमाला धरूनच आहे ते. पण तुमच्या बाजूनं बघितलं तर खड्डा आणखी खोल झाला, कारण तुमचं वर्ष संपलेलं नाही. भाच्याच्या कंपनीनं चारही महिने कापले. शेवटच्या महिन्याचे नसते कापले तर छप्पन्नचे पासष्ट हजार झाले असते.

छप्पन्नाचे एकसष्ट कसे झाले?

उरलेले पाच हजार म्हणजे व्याज, आणि हे खरं तर टाळता येण्यासारखं होतं.

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उरत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा असतो. याला आगाऊ कर म्हणतात. हप्त्यांच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च, आणि त्या त्या तारखेपर्यंत एकूण १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरलेला असायला हवा. पगारदारांना वाटतं हे धंदेवाल्यांचं काम. एरवी तसंच असतं, कारण कंपनीच सगळं कापते. पण इथे कापलेलं नव्हतं.

हप्ते चुकल्याचं व्याज कलम २३४सी खाली लागतं. पहिल्या तीन हप्त्यांवर तीन-तीन महिन्यांचं आणि शेवटच्यावर एका महिन्याचं, महिना एक टक्क्यानं. भाच्याचं ते २,८३२ झालं. शिवाय ३१ मार्चपर्यंत नव्वद टक्के कर भरलेला नाही, म्हणून कलम २३४बी खाली १ एप्रिलपासून प्रत्यक्ष भरण्याच्या महिन्यापर्यंत महिना एक टक्का. त्यानं २० जुलैला पैसे भरले. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणून चार महिने, २,२४४ रुपये. दोन्ही मिळून ५,०७६, आणि भरायची रक्कम ६१,२३६.

"पण जूनमध्ये तर मी नोकरी बदललीच नव्हती! मग जूनच्या हप्त्यावर व्याज कसं?" हा त्याचा आक्षेप मला पटतो. भांडवली नफा, लॉटरी किंवा लाभांश अशा आधी न कळणाऱ्या उत्पन्नासाठी कायद्यात सवलत आहे, की ते मिळाल्यानंतरच्या हप्त्यात भरलं तर मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. वाढलेला पगार त्या यादीत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये जॉइन झालेल्याला जूनच्या हप्त्याचे अडीचशे रुपये मोजावे लागतात. रक्कम किरकोळ आहे, पण अन्याय्य वाटतं, आणि मला तरी त्याचं चांगलं समर्थन सापडलेलं नाही.

उशिरा लक्षात आलं तर

समजा भाच्याला जानेवारीत शंका आली असती. तेव्हाही उशीर झालेला नव्हता. त्या वर्षात कमी-जास्त कापलेला कर उरलेल्या महिन्यांत समायोजित करायची मुभा कंपनीला आहे. जानेवारीचा पगार होण्याआधी फॉर्म दिला असता तर ५६,१६० तीन महिन्यांत, म्हणजे नेहमीच्या कपातीवर महिना १८,७२० जास्त कापले गेले असते. तीन महिने खिसा आवळावा लागला असता, पण व्याज शून्य. कारण कंपनीनं वर्षाच्या आत कापलेला कर, मग तो मार्चच्या पगारातून का असेना, टीडीएसच धरला जातो आणि आगाऊ कराचा प्रश्नच उरत नाही. हा टीडीएसचा मोठा फायदा आहे, आणि म्हणूनच मी लोकांना स्वतः चलन भरण्यापेक्षा कंपनीकडून कापून घ्यायला सांगतो.

फेब्रुवारीत मात्र बऱ्याच कंपन्या पेरोल गोठवतात, त्यानंतर नवा फॉर्म घेत नाहीत. मग आयकर पोर्टलवरून स्वतः आगाऊ कर भरायचा, १५ मार्चच्या आत. पहिल्या तीन हप्त्यांचं व्याज सुटत नाही, पण एप्रिलपासूनचं मीटर चालू होत नाही.

"मला जुना पगार नव्या कंपनीला दाखवायचाच नाही"

हेही ऐकलंय, आणि कारणं समजण्यासारखी असतात. पगाराच्या बोलणीत आकडा जरा फुगवून सांगितलेला असतो, किंवा आधीच्या नोकरीत बोनस मिळालेला असतो आणि तो उगाच कुणाला कळू नये असं वाटतं. फॉर्म न दिल्याबद्दल तुम्हाला दंड नाही. पण मग कराची जबाबदारी पूर्ण तुमची. दोन्ही पगारांची बेरीज करून, वजावट एकदाच धरून, कमी पडणारा कर मोजा आणि हप्त्यांच्या तारखांना स्वतः भरा. लपवायचं ते नव्या कंपनीपासून. आयकर खात्यापासून काही लपत नाही. दोन्ही कंपन्या तिमाहीला टीडीएसचं विवरण भरतात, आणि ते तुमच्या पॅनवर फॉर्म २६एएस आणि एआयएसमध्ये दिसतं, दोन वेगळ्या टॅनखाली.

म्हणूनच रिटर्न भरताना फक्त दुसऱ्या कंपनीचा फॉर्म १६ घेऊन बसू नये. दोन्ही फॉर्म १६ लागतात, दोन्हीतला ग्रॉस पगार वेगवेगळा भरायचा, दोन्हींचा टीडीएस घ्यायचा, आणि प्रमाणित वजावट एकदाच. दोन्ही फॉर्म १६ मधला "निव्वळ करपात्र" आकडा जोडला की पुन्हा तीच दुहेरी वजावटीची चूक होते. जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनी ८०सी चे दीड लाख बघावेत. दोन्ही कंपन्यांना तीच विम्याची पावती दाखवली असेल तर दोघींनीही ती धरलेली असते.

उलटही होतं

भाच्याच्या धाकट्या बहिणीनं मध्येच विचारलं, "मामा, आणि सोडून घरीच बसला असता तर?" तर पैसे परत आले असते. चार महिन्यांचे ५,२०,००० हेच वर्षाचं उत्पन्न, त्यावर कर शून्य, आणि कापलेले ३५,६२० सगळे रिटर्न भरल्यावर परतावा म्हणून खात्यात. रिटर्न भरलंच नाही तर मात्र ते तिथेच राहतात. वर्षाच्या मध्ये नोकरी सोडून शिकायला गेलेल्या किंवा बाळंतपणासाठी घरी राहिलेल्या कितीतरी जणी "उत्पन्नच नाही, रिटर्न कशाला" म्हणून हे पैसे सोडून देतात.

भाच्यानं चलन भरलं, रिटर्न टाकलं, आणि मग नव्या कंपनीच्या पोर्टलवर जाऊन या वर्षीचं संगणन पत्रक उघडून मला स्क्रीनशॉट पाठवला. यंदा तो वर्षभर तिथेच आहे, एकच मीटर. महिना साडेसोळा हजारांवर टीडीएस बघून त्यानं खाली लिहिलं होतं: "हे बरोबर आहे ना?" महिना १,७०,००० चं वर्ष म्हणजे २०,४०,०००, वजावटीनंतर १९,६५,०००. मी कागदावर मांडून बघितलं. बरोबर होतं.